एका फेऱ्यात किती ठोके?

गाडीच्या खालून आवाज येतो म्हणून गॅरेजमध्ये गेलं की मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कसा आवाज येतो?" इथे बहुतेक जण अडतात. कोणी तोंडाने घूंऽऽ करून दाखवतो, कोणी "विमान उडाल्यासारखं वाटतं" म्हणतो, कोणी नुसतंच "पूर्वी नव्हता, आता येतो" एवढं सांगतो. मेकॅनिक मग गाडी घेऊन एक चक्कर मारतो आणि अनुभवाच्या जोरावर अंदाज बांधतो. तो अंदाज चुकला तर चांगलं बेअरिंग बदललं जातं आणि बिल देऊन घरी निघालेल्या गाडीत आवाज तसाच असतो.

टायरच्या आवाजाबद्दल एक गोष्ट नीट कळली तर ही चूक बऱ्याच अंशी टळते. गुणगुण, घरघर आणि धपधप हे तीन आवाज कानाला अगदी वेगळे वाटतात, पण त्यांच्यामागचं गणित एकच आहे. चाकाच्या एका फेऱ्यात टायरचा रस्त्यावर काहीतरी ठोका पडतो. तो ठोका एका फेऱ्यात एकदाच पडला तर धपधप ऐकू येते, दहा-वीस वेळा पडला तर घरघर, आणि नक्षीच्या प्रत्येक गट्ट्याला पडला तर गुणगुण. म्हणून "आवाज कसा आहे" याच्या आधी "एका फेऱ्यात किती ठोके" हे शोधायचं असतं.

चाकाचं गणित

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना १८५/६५ आर १५ या मापाचा टायर असतो. यातला १८५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. या तिन्हींवरून टायरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर आणि घेर सुमारे १९५ सेंटिमीटर येतो. एका फेऱ्यात गाडी जवळजवळ दोन मीटर पुढे जाते.

आता वेग घेऊ. ताशी २० किलोमीटरला हे चाक सेकंदाला जेमतेम तीन फेरे घेतं. ताशी ६० ला साडेआठ. टायरवर एकच उंचवटा असेल तर २० च्या वेगाला सेकंदात तीन धक्के बसतील. ते सुटे सुटे ऐकू येतात आणि मोजताही येतात. ६० च्या वेगाला तेच धक्के सेकंदात आठ-नऊ होतात. ते वेगळे मोजता येत नाहीत, नुसती थरथर जाणवते.

त्याच टायरवर समजा घेराभोवती वीस खळगे पडले आहेत. साठच्या वेगाला सेकंदात १७० ठोके पडतील. सेकंदाला वीसपेक्षा जास्त ठोके पडले की आपला कान ते सुटे ऐकत नाही, त्यांचा सलग आवाज होतो. १७० ठोक्यांचा आवाज जाड आणि खोल लागतो. हीच घरघर. आणि नक्षीच्या एका ओळीत साठ-पासष्ट गट्टे असतील तर त्याच वेगाला ठोके साडेपाचशेच्या घरात जातात. आवाज बारीक होतो, सूर धरतो. ही गुणगुण.

यातून एक उपयोगी खूण मिळते. टायरचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, इंजिनच्या वेगाबरोबर नाही. ताशी ६० ला गाडी चौथ्या गिअरमध्ये असो की पाचव्या, चाकाचे फेरे तेवढेच. गिअर बदलल्यावर आवाजाचा सूर बदलला तर शोध इंजिनकडे न्यायचा. तो जसाच्या तसा राहिला तर चाकांकडे.

गुणगुण : गट्ट्यांची कड

नव्या टायरची नक्षी जवळून पाहिली तर एक गंमत दिसते. गट्टे सगळे सारखे वाटतात, पण सारखे नसतात. काही आखूड, काही किंचित लांब, आणि त्यांची मांडणी मुद्दाम विस्कटलेली. सगळे गट्टे एकाच मापाचे केले तर ते ठराविक अंतराने रस्त्यावर आपटतील आणि एकच टोचणारा सूर निघेल. लांबी बदलत नेली की तो सूर अनेक सुरांत वाटला जातो आणि कानाला फक्त मऊ सूंऽऽ असा आवाज येतो. नवा चांगला टायर गप्प वाटतो तो यामुळे.

टायर झिजताना ही काळजीपूर्वक केलेली मांडणी मोडते. गट्टा रस्त्याला टेकतो तेव्हा त्याची पुढची कड आधी लागते आणि सुटताना मागची कड शेवटी सुटते. सुटण्याच्या क्षणी रबर किंचित घसरतं. दर फेऱ्याला होणारी ही घसरण लाखो वेळा झाली की गट्ट्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते. गट्ट्यांची ओळ करवतीच्या दात्यांसारखी होते, एक कड उंच आणि एक उतरती. आता प्रत्येक गट्टा उंच कडेने रस्त्यावर आदळतो आणि गुणगुण वाढते.

दुसरं कारण अलाइनमेंटचं. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर असावी लागतात, त्यात फार थोडी सूट असते. एखादं चाक फक्त पाव अंश तिरकं झालं तर? गणित केलं तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे साडेचार मीटर आडवं ओढल्यासारखं घासतं. दहा हजार किलोमीटरमध्ये ही आडवी घासण ४४ किलोमीटरची होते. रबराला ती सोसत नाही. गट्ट्यांच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूच्या कडा पिसासारख्या पातळ होतात.

दोन्ही प्रकार डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, पण हाताला लगेच कळतात. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, टायर थंड झाल्यावर तळवा नक्षीवरून हळू फिरवायचा. टायरच्या घेराच्या दिशेने पुढे फिरवताना गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरबरीत लागलं तर गट्टे दात्यांसारखे झिजले आहेत. टायरच्या रुंदीत, म्हणजे आडवा हात फिरवताना असा फरक लागला तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. हात भरभर फिरवू नये. फार झिजलेल्या टायरमधून पोलादी तारेचं टोक बाहेर आलेलं असू शकतं आणि ते ब्लेडसारखं कापतं.

प्रत्येक गुणगुण दोषाची नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. जाड, मोकळ्या नक्षीचे टायर जीपसारख्या गाड्यांना लावतात, ते नवेकोरे असतानाही गुणगुणतात. आणि रस्ता स्वतः आवाज करतो. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर पकड मिळावी, पाणी निघून जावं म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. अशा रस्त्यावर धडधाकट टायरसुद्धा मोठ्याने गातो. डांबरावर उतरल्यावर तो गप्प झाला तर काळजीचं कारण नाही.

घरघर : टायर की बेअरिंग?

मालकांना सर्वांत जास्त फसवतो तो हा आवाज. घरघर दोन ठिकाणांहून येते, खळगे पडलेल्या टायरमधून किंवा खराब झालेल्या चाकाच्या बेअरिंगमधून. दोन्ही वेगाबरोबर वाढतात, दोन्ही जाड आणि सलग असतात, आणि बंद गाडीत दोन्हींची दिशा नीट कळत नाही.

टायरला खळगे पडतात ते बहुधा शॉकॲब्सॉर्बर थकल्यामुळे. चाक खड्ड्यातून गेलं की स्प्रिंग ते वर-खाली झुलवते आणि शॉकॲब्सॉर्बर तो झोका एक-दोन हेलकाव्यांत थांबवतो. त्यातलं तेल गळालं किंवा आतली झडप झिजली की चाक थांबत नाही, रस्त्यावर उड्या मारत राहतं. उडी मारताना रबर एका जागी जोरात दाबलं जातं, पुढच्या जागी हलकं टेकून घसरतं. हलकं टेकलेल्या जागी ते जास्त खरवडलं जातं. काही हजार किलोमीटरनंतर टायरच्या घेराभोवती, बहुतेकदा एका कडेला, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट डाग तयार होतात. बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तरीही असंच होतं.

बेअरिंगचं दुखणं वेगळं. चाकाच्या मधोमध बंद खोक्यात ग्रीसमध्ये भिजलेल्या पोलादी गोळ्या किंवा लाटण्या फिरत असतात. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की कधी कधी सील ओलांडून पाणी आत शिरतं. ग्रीस धुऊन जातं, पोलादावर गंज आणि बारीक खड्डे पडतात. खड्डा पडलेल्या वाटेवरून गोळी गेली की घरघर सुरू होते. ती पावसाळ्यानंतर काही महिन्यांनी सुरू होते, त्यामुळे मूळ कारण कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

या दोघांना वेगळं करणाऱ्या तीन चाचण्या आहेत, आणि पहिल्या दोन चाचण्यांना हत्यार लागत नाही.

पहिली चाचणी रस्त्याची. टायरचा आवाज रबर आणि रस्ता यांच्या भेटीतून होतो, म्हणून रस्ता बदलला की तो बदलतो. काँक्रीटवरून नव्या गुळगुळीत डांबरावर आल्यावर घरघर निम्मी झाली, तिचा पोत बदलला, तर संशय टायरवर. बेअरिंगला रस्त्याशी देणं-घेणं नाही. ते दोन्हीकडे तसंच घरघरतं.

दुसरी चाचणी वळणाची. मोकळ्या, रुंद रस्त्यावर लांब सौम्य वळण घेताना कान द्यायचा. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर झुकतं. उजव्या वळणावर घरघर वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली तर बहुतेक वेळा डाव्या बाजूचं बेअरिंग खराब असतं. उलट झालं तर उजव्या बाजूचं. टायरच्या घरघरीत वळणाने फरक पडला तरी इतका स्वच्छ पडत नाही. या चाचणीसाठी वाहत्या रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे हेलकावत नेण्याची मुळीच गरज नाही. रोजच्या वाटेवरचं वळण पुरतं.

तिसरी चाचणी अदलाबदलीची, आणि ती सर्वांत खात्रीची. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे. आवाज टायरबरोबर जागा बदलून गेला तर दोष टायरचा. आवाज होता तिथेच राहिला तर बेअरिंगचा. बेअरिंगचा संशय उरला तर मेकॅनिक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवतो आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते. मग चाक वर आणि खाली धरून हलवून पाहतो. त्यात ढिलेपणा लागला तर ते बेअरिंग लांबणीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही.

एक प्रकरण, पहिल्यापासून

हे सगळं प्रत्यक्षात कसं जुळतं ते पाहण्यासाठी गॅरेजमध्ये नेहमी येणारं एक प्रकरण घेऊ. पाच वर्षांची छोटी हॅचबॅक, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. ३८ हजार किलोमीटर झालेले. टायरची अदलाबदल दर दहा हजारांना करायला हवी होती, पण गेल्या दोन सर्व्हिसिंगला ती राहून गेली. या वेळी झाली. दुसऱ्या दिवशी मालक गाडी घेऊन हायवेला लागला आणि पन्नासच्या पुढे पुढच्या बाजूने जोरदार घरघर सुरू झाली. साहजिकच त्याला वाटलं, सर्व्हिसिंगमध्ये काहीतरी बिघडवून ठेवलं. ओळखीच्या कोणीतरी सांगितलं, "बेअरिंग गेलं असणार."

इथे घाई केली तर बेअरिंग बदललं जाईल. क्रमाने गेलं तर काय दिसतं? गिअर बदलून सूर बदलत नाही, म्हणजे इंजिन नाही. काँक्रीटवर आवाज फार मोठा, डांबरावर बराच कमी, म्हणजे टायरकडे बोट. दोन्ही बाजूंच्या वळणांवर फरक नाही, म्हणजे बेअरिंगचा संशय आणखी मावळला. आता पुढच्या दोन्ही टायरवर तळवा फिरवला. डाव्या टायरच्या आतल्या कडेला एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने दातेरी. शिवाय घेराभोवती खोलगट डाग. खोली मोजण्याच्या पट्टीने पाहिलं तर एकाच गट्ट्याची उंच कड ४ मिलिमीटर आणि उतरती कड अडीच.

हा टायर कालपर्यंत मागे होता. बिघाड कालचा नाही, गेल्या वीस हजार किलोमीटरमध्ये हळूहळू झालेला आहे. मागे असताना आवाज डिकीच्या बाजूला होता आणि तो इतका हळू वाढत गेला की कानाला सवय झाली. पुढे आल्यावर तोच आवाज चालकाच्या पायाखाली आला.

मागच्याच टायरला असं का झालं, याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. अशा गाड्यांत इंजिन पुढे असल्याने वजन पुढच्या चाकांवर जास्त असतं. तीच चाकं गाडी ओढतात, तीच वळवतात. त्यांची झीज भराभर होते. मागची चाकं हलकी असतात आणि नुसती मागून येतात. हलकं दाबलेलं रबर रस्त्यावर घट्ट बसत नाही, दर फेऱ्याला किंचित घसरतं. मागचे टायर सावकाश झिजतात म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आणि नेमके तेच वेडेवाकडे झिजतात.

आता उपाय. मागचा डावा शॉकॲब्सॉर्बर पाहिला तर त्यावर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ. तो गेलेला आहे. शॉकॲब्सॉर्बर एकटा बदलत नाहीत, दोन्ही बाजूंचे जोडीने बदलतात. नाहीतर एक चाक लवकर शांत होतं आणि दुसरं उशिरा. मग चारही चाकांची अलाइनमेंट मोजायची, फक्त पुढच्या दोन नव्हे. इथे एक मर्यादा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मागची दोन चाकं एका सलग आडव्या तुळईला जोडलेली असतात आणि त्यांचा कोन पान्याने बदलण्याची सोय नसते. मोजमाप चुकीचं आलं तर तुळई एखाद्या खड्ड्यात वाकली आहे का, तिचे रबरी बुश फाटले आहेत का, ते पाहावं लागतं. "मागचं अलाइनमेंट होत नाही" एवढं ऐकून परत यायचं नाही. मागचं मोजून घ्यायचंच.

सगळी दुरुस्ती झाल्यावरही मालकाची निराशा होते, कारण घरघर लगेच जात नाही. शॉकॲब्सॉर्बर नवा झाला तरी टायरवरचे खळगे तिथेच आहेत. कारण काढून टाकल्यावर नवे खळगे पडत नाहीत आणि जुने काही हजार किलोमीटरमध्ये थोडे सपाट होतात, पण पूर्ण जातीलच असं नाही. खळगे खोल असतील तर टायर बदलल्यावरच आवाज थांबतो. टायर आधी बदलून शॉकॲब्सॉर्बर तसाच ठेवला, तर मात्र नवा टायरही त्याच वाटेने जातो.

धपधप : इथे थांबायचं

गुणगुण आणि घरघर बहुतेक वेळा खिशाला आणि कानाला त्रास देतात. धपधप जिवावर उठू शकते, म्हणून ती ओळखणं सर्वांत महत्त्वाचं.

धपधप म्हणजे एका फेऱ्यात एक ठोका, म्हणजे टायरवर एकच जागा बिघडलेली. ती ऐकायची तर वेग कमी करायचा. सपाट डांबरी रस्त्यावर, काचा खाली करून, ताशी १५-२० ने गाडी चालवायची. सेकंदाला दोन-तीन ठोके पडतात का ते ऐकायचं. गाडी हळू केल्यावर ठोकेही हळू झाले तर ते चाकाचेच. स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे डुलत असेल तर बिघाड बहुधा पुढच्या चाकात, सीट थरथरत असेल तर मागच्या.

आधी निरुपद्रवी कारणं बाजूला काढू. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला सुमारे पाच सांधे ओलांडते. हे ठोके जोडीने येतात, आधी पुढच्या चाकांचा आणि लगेच मागच्यांचा, आणि डांबर लागलं की बंद होतात. त्याच वेगाला चाक सेकंदाला अकरा फेरे घेतं, त्यामुळे टायरची थरथर सांध्यांच्या दुप्पट भरभर असते. दुसरं, गाडी काही आठवडे एका जागी उभी असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि निघाल्यावर धपधप येते. टायर गरम झाला की, दहा-पंधरा किलोमीटरमध्ये, ती जाते. तिसरं, नक्षीत अडकलेला खडा किंवा खिळा. तोही दर फेऱ्याला वाजतो, पण त्याचा आवाज कोरडा, टणक, टिकटिक असा असतो. खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नये. हवा तपासून पंक्चरवाल्यापर्यंत हळू जावं.

आता खरी काळजीची कारणं. जोराचा ब्रेक लागून चाक फिरायचं थांबलं आणि घसटत गेलं, तर त्या जागचं रबर खरवडून सपाट डाग पडतो. एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांत हे जास्त घडतं. हा डाग गाडी चालवून जात नाही, आणि तो खोल असेल तर त्या जागी टायर पातळ झालेला असतो.

दुसरं कारण फुग्याचं. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळलं की टायरची भिंत रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते. भिंतीच्या आत धाग्यांचा थर असतो, हवेचा दाब खरं तर तोच पेलतो. चिमट्यात धागे तुटले की त्या जागी नुसतं रबर उरतं आणि हवा ते बाहेर ढकलते. टायरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा दिसतो. तो ठिगळ लावून बरा होत नाही, कोणत्याही पंक्चरवाल्याकडे त्याला उपाय नाही. टायर बदलायचा, आणि तोपर्यंत स्टेपनी लावायची. फुगा आतल्या बाजूच्या भिंतीवर असला तर बाहेरून दिसत नाही. म्हणून मोठा खड्डा बसल्यावर धपधप सुरू झाली तर चाक काढून आतली बाजू पाहणं आवश्यक आहे.

तिसरं कारण सर्वांत घातक आणि सर्वांत लपलेलं. नक्षीच्या खाली, टायरच्या आत, पोलादी तारांचे पट्टे रबरात गुंडाळलेले असतात. कमी हवेवर जास्त वेगाने चालवल्याने टायर तापतो, जुनं रबर कडक होतं, न बुजवलेल्या पंक्चरमधून ओल आत जाते. पट्टा आणि रबर यांची पकड सुटू लागते. आधी त्या जागी नक्षी किंचित वर उचलली जाते आणि हळू वेगाला स्टिअरिंग डुलायला लागतं. बॅलन्सिंग केलं तरी फरक पडत नाही, ही इथली मोठी खूण. मग धपधप सुरू होते आणि ती आठवड्या-आठवड्याला वाढते. वाढणारी धपधप म्हणजे पट्टा अजून सुटत चालला आहे. शेवटी वेगात असताना नक्षीचा पट्टाच टायरपासून उखडून जातो.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने आपले सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लावलेले होते. नक्षी उखडून गाड्या उलटण्याच्या घटनांमधल्या मृत्यूंची संख्या तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या नोंदींत अडीचशेच्या पुढे गेली. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत या घटना जास्त होत्या. आपला विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा, भरलेली गाडी, कमी हवा आणि लांबलचक वेगवान महामार्ग यांचा मेळ बसला की टायरला तेवढाच ताण सोसावा लागतो.

उचललेली नक्षी शोधायची तर चाक जॅकवर उचलून हळू फिरवायचं आणि एक स्थिर खूण, उदाहरणार्थ जमिनीवर उभा धरलेला पाना, नक्षीच्या अगदी जवळ ठेवायची. फिरताना नक्षी एका जागी पान्याजवळ सरकली आणि पुन्हा दूर गेली तर त्या जागी बिघाड आहे. मात्र रिम वाकली असेल तरी असंच दिसतं, म्हणून रिमची कडही तशीच पाहायची. टायरचं वयही वाचता येतं. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी भरपूर असलेला पण जुना टायर, विशेषतः कधीच न वापरलेली स्टेपनी, म्हणूनच डोळे झाकून वापरू नये.

ऐकल्यावर काय करायचं

आवाज ऐकू आला की तीन वेगळे निर्णय घ्यायचे असतात, आणि ते ठोक्यांच्या संख्येवर ठरतात. गुणगुण वाढली असेल तर गाडी चालू ठेवायला हरकत नाही. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत हवा, अलाइनमेंट आणि नक्षीची खोली पाहून घ्यावी. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला, मग आवाजाची चर्चा संपते. घरघर असेल तर लांबच्या प्रवासाच्या आधी टायर की बेअरिंग हे ठरवून घ्यावं, कारण बेअरिंग असेल तर ते वाट पाहत नाही.

धपधप आली आणि रस्त्याचे सांधे, उभी ठेवलेली गाडी किंवा खडा यांपैकी काहीच कारण नसेल, तर वेग उतरवून कडेला सुरक्षित जागी थांबावं. रहदारीपासून दूर उभं राहून चारही टायर पाहावेत. चाकाचे नट घट्ट आहेत का ते पान्याने पाहावं, विशेषतः नुकतंच चाक काढलेलं असेल तर, कारण ढिलं चाकही असंच दणदणतं. फुगा किंवा उचललेली नक्षी दिसली तर त्या टायरवर पुढचा एकही किलोमीटर महामार्गाच्या वेगाने जाऊ नये, स्टेपनी लावावी. आणि गॅरेजमध्ये मेकॅनिकने "कसा आवाज येतो?" असं विचारलं तर त्याला तीनच गोष्टी सांगाव्यात : किती वेगाला येतो, कोणत्या रस्त्यावर कमी होतो, आणि हळू चालवल्यावर ठोके मोजता येतात का. एवढ्यावर चांगला मेकॅनिक कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते ठरवू शकतो.